ग्रामसभेची बातमी: व्हीओ, कटअवे आणि ॲस्टन कसे बसवायचे

तालुक्याला बातमीदारी शिकायला येणारी बहुतेक मुलं आधी अँकरचं निवेदन लिहितात, मग व्हीओ, म्हणजे दृश्यांवर ऐकू येणारं निवेदन, लिहितात आणि शेवटी त्यावर टाकायला शॉट शोधत बसतात. शॉट सापडत नाहीत. मग एकच शॉट चार वेळा येतो, नाहीतर बातमीशी संबंध नसलेला रस्ता दिसत राहतो. टीव्हीची बातमी उलट्या बाजूने लिहायची असते. आधी बाईट, म्हणजे लोकांच्या कॅमेऱ्यासमोरच्या बोलण्याचे तुकडे, निवडायचे, मग हातातल्या शॉटवरून व्हीओ लिहायचा आणि अँकरचं निवेदन सगळ्यात शेवटी. हे कसं करायचं ते एका उदाहरणावरून दाखवतो.

उदाहरण मुद्दाम अवघड घेतलंय, ते म्हणजे ग्रामसभेचं. जत्रेत कॅमेरा कुठेही वळवला तरी चित्र मिळतं. ग्रामसभेत माणसं सतरंजीवर बसून बोलतात, बाकी काही घडत नाही. समजा माण तालुक्याकडचं एक गाव आहे, १ मे आहे, सकाळी झेंडावंदन उरकलंय आणि दहा वाजता मारुतीच्या सभामंडपात ग्रामसभा आहे. विषय पाणीटंचाई.

आपण जो प्रकार करणार आहोत त्याला न्यूजरूममध्ये अँकर-व्हीओ-बाईट म्हणतात. अँकर सुरुवातीची दोन-तीन वाक्यं कॅमेऱ्यात बघून म्हणतो, नंतर त्याचा चेहरा जातो आणि आवाज दृश्यांवर चालू राहतो. मध्ये लोकांचे बाईट येतात. एकट्या माणसाला फोनवर जमेल असा हाच प्रकार आहे. लांबी सव्वा मिनिटाच्या आत ठेवा.

जायच्या आधी

ग्रामसभेची नोटीस फलकावर लागलेली असते, तिचा फोटो काढून ठेवा. त्यावर विषय असतात आणि त्यावरून कुणाचा बाईट लागेल हे कळतं. दुसरं म्हणजे कोरमचा नियम माहीत असू द्या. महाराष्ट्रात ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यातला जो आकडा कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. आपल्या गावात १,४०० मतदार आहेत असं धरू. १५ टक्के म्हणजे २१०, म्हणून इथे १०० लागतील. ही आकडेमोड घरी करून गेलात तर सभेत हजेरीची वही बघताक्षणी तुम्हाला बातमी दिसेल. नाहीतर ती समोर असून दिसत नाही.

फोनमध्ये दोन गोष्टी बदलायच्या: व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ३० फ्रेमवर काढलेल्या व्हिडिओत ट्यूबलाइटखाली पट्टे सरकताना दिसू शकतात. फोनच्या लहान पडद्यावर ते लक्षात येत नाही, एडिटला बसल्यावर येतं आणि तेव्हा काही करता येत नाही. फोन आडवा धरा, आणि बाईटसाठी कॉलरचा साधा माइक घ्या. सभामंडपात आवाज घुमतो.

शूट

तुम्ही पोचता तेव्हा सभा सुरू झालेली नाही. वहीवर सह्या चाललेत, सतरंजी अर्धी रिकामी आहे. आणि पलीकडे, पाण्याच्या टाकीपाशी, टँकर लागलाय. सभेच्या पाऊण तासात वहीवर सह्या होतात ६३. सभा तहकूब.

नवखा माणूस इथे कॅमेरा बंद करतो, कारण सभा झालीच नाही. खरं म्हणजे शूट इथून सुरू होतं.

प्रत्येक जागी तीन अंतरांवरून शॉट घ्यायचे: लांबून सगळी जागा, मधून दोन-तीन माणसं, जवळून एखादी वस्तू किंवा हात. प्रत्येक शॉट मनात दहा अंक मोजेपर्यंत हलवायचा नाही. एडिटमध्ये त्यातले तीन-चार सेकंदच लागतात, पण कुठले तीन-चार ते तेव्हा माहीत नसतं. पॅन आणि झूम आत्ता शिकूच नका. हललेला शॉट मधेच कापता येत नाही, स्थिर शॉट कुठेही कापता येतो.

कटअवे म्हणजे बोलणाऱ्या माणसावरून नजर काढून त्याच जागेतल्या दुसऱ्या गोष्टीकडे नेणारा शॉट. त्याचं मुख्य काम शिवण झाकायचं. सरपंच चाळीस सेकंद बोलल्या, तुम्हाला त्यातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य हवंय. दोन्ही जोडली की मधे डोकं टुणकन उडतं. त्या जोडावर तीन सेकंद वहीवरचा अंगठा किंवा ऐकणारी माणसं टाकली की जोड दिसत नाही. म्हणून बाईट घेतला की लगेच, तिथेच उभं राहून, चार-पाच कटअवे घ्यायचे. नंतर घेऊ म्हणालात की माणसं उठलेली असतात आणि ऊनही सरकलेलं असतं.

या सभेत मी काय घेईन? हजेरीच्या वहीवर सही करणारा हात. सतरंजीचा रिकामा कोपरा. टेबलावरचं नोटिशीचं पान, पंख्याच्या वाऱ्याने फडफडणारं. सभामंडपाबाहेरच्या चपला. या चपलांचा शॉट फार कामाचा असतो, कारण उपस्थिती किती हे त्यात न मोजता दिसतं. टँकरपाशी: पाइपमधून पिंपात पडणारं पाणी, हंड्यांची रांग, रांगेत उभ्या बाईची मुठीत घट्ट धरलेली चुंबळ, ड्रायव्हरचा हात व्हॉल्व्हवर. आणि एक शॉट असा, ज्यात मागे सभामंडप आणि पुढे टँकरची रांग दोन्ही एकाच चौकटीत येतात. हा एक शॉट मिळाला तर बातमी निम्मी झाली. त्यासाठी शेजारच्या माडीवर चढायला लागलं तरी चढा.

एका गोष्टीपासून जपा: भिंतीवरचं घड्याळ. बाईटमध्ये मागे सव्वादहा आणि कटअवेमध्ये पावणेअकरा दिसले की बघणाऱ्याला तुमची शिवण कळते. आणि घड्याळापेक्षा वाईट म्हणजे उसना चेहरा. सरपंच पाणीटंचाईबद्दल बोलतायत आणि कटअवेमध्ये ज्येष्ठ मंडळी हसतायत, कारण तो शॉट सभेआधीच्या चेष्टामस्करीचा आहे. त्यात गावातली माणसं अशी दाखवली जातात जशी ती त्या क्षणी नव्हती. ऐकणारा चेहरा वापरायचा तर तो त्याच बोलण्याच्या वेळचा वापरा. तसा नसेल तर वही आणि चपला आहेतच. मागच्या वर्षीचा किंवा दुसऱ्या गावचा टँकर टाकायची वेळ आली, तर त्यावर ‘संग्रहित’ लिहा, किंवा तो टाकूच नका.

शेवटी, कॅमेरा न हलवता तीस सेकंद नुसता आवाज भरून घ्या: एकदा मंडपाचा, एकदा टँकरचा. एडिटमध्ये याचं मोल कळेल.

बाईट

बाईट सुरू करताना माणसाला नाव, गाव आणि हुद्दा कॅमेऱ्यात बोलायला सांगा, आणि तेच नाव तुमच्या वहीत त्याच्याच हाताने लिहून घ्या. बोललेल्या नावावरून पाटील की पाटिल, हे कळत नाही.

टँकरपाशी एका बाईला विचारलं, सभेला गेला नाहीत? तिचं उत्तर असं आलं असं धरू: “सभा काय, उद्या बी घेतील. टँकर थांबतोय व्हय? पोराला धाडला आसता सभंला, पन पिंप उचलाया मानूस लागतंय न्हवं.”

हा बाईट मिळाल्यावर बातमीला कारण मिळालं. तोवर तुमच्याकडे फक्त दोन गोष्टी होत्या, टँकर आला आणि सभेला माणसं कमी आली. एकीमुळे दुसरी झाली, हे तुम्ही तुमच्या आवाजात म्हणू शकत नाही. तुम्ही ते बघितलेलं नाही. ती बाई म्हणू शकते, तेही तिच्यापुरतं. म्हणून व्हीओमध्ये ‘टँकरमुळे सभा तहकूब’ असं लिहायचं नाही. दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या, मग बाईट सोडायचा.

सरपंचांचा बाईट घेताना गावात एक जुनी अडचण येते. सरपंच बाई, आणि बोलायला पुढे येतात त्यांचे पती. “विचारा, मी सांगतो.” त्यांना नमस्कार करा, आणि सरपंचांनाच विचारा. दोन मिनिटं थांबावं लागतं, बहुतेक वेळा त्या बोलतात आणि नेमकं बोलतात.

लिहायला बसल्यावर

आधी सगळे बाईट ऐकून कागदावर उतरवा, शब्दशः, सुरू कुठे आणि संपतो कुठे याच्या वेळेसकट. मग त्यातली दोन वाक्यं निवडा. बाईटमध्ये मत, अनुभव किंवा आश्वासन यावं. आकडे आणि तारखा बाईटमध्ये ठेवू नका, त्या तुम्ही व्हीओत कमी वेळात सांगू शकता.

मग व्हीओ. मराठी वाचताना मी सेकंदाला दोन शब्द धरतो. दहा सेकंदांच्या चित्रावर वीस शब्द बसतात. पंचवीस लिहिलेत तर वाचताना धाप लागते.

व्हीओचं वाक्य लिहिताना मराठीची एक खोड लक्षात ठेवा. आपलं क्रियापद शेवटी येतं. वाचणारा मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो, ऐकणारा शेवटापर्यंत सगळं डोक्यात धरून बसतो. प्रसिद्धिपत्रकाची भाषा अशी असते: ‘गावामध्ये निर्माण झालेल्या तीव्र पाणीटंचाईच्या पार्श्वभूमीवर आयोजित करण्यात आलेली ग्रामसभा आवश्यक गणपूर्ती न झाल्यामुळे तहकूब करण्यात आली.’ ‘झालेल्या’, ‘आलेली’, ‘करण्यात आली’ हे शब्द दिसले की वाक्य तोडा. ‘कोरमसाठी शंभर मतदार हवे होते. आले त्रेसष्ट. सभा तहकूब.’ आकडे व्हीओच्या कागदावर अक्षरात लिहा. माइकसमोर ६३ दिसलं की जीभ एक क्षण अडखळतेच.

आणि दिसतंय ते सांगू नका. कोरड्या नळाच्या शॉटवर ‘हा नळ कोरडा आहे’ लिहिलंत तर तो शॉट वाया गेला. ‘या नळाला शेवटचं पाणी आलं ते पाडव्याआधी’ हे चित्रात दिसत नाही, म्हणून ते आवाजात यावं. त्याच वेळी वाक्य आणि चित्र एकमेकांपासून फार लांबही नको. व्हीओ कोरमबद्दल बोलतोय आणि पडद्यावर टँकर, असं झालं की बघणारा दोन्ही सोडून देतो.

आपल्या उदाहरणाचा कागद असा होईल. प्रत्येक तुकड्यात आधी चित्र लिहिलंय, मग आवाज.

चित्र: अँकर कॅमेऱ्यात. १३ सेकंद.
आवाज: “पाणीटंचाईवर चर्चेसाठी बोलावलेली ग्रामसभा एक मे रोजी तहकूब झाली. कोरमसाठी शंभर मतदार हवे होते, आले त्रेसष्ट. त्याच वेळी गावातली दुसरी एक गर्दी सभामंडपापासून दोनशे पावलांवर उभी होती.”

चित्र: पिंपात पडणारं पाणी, जवळून. ३ सेकंद.
आवाज: फक्त पाण्याचा.

चित्र: हंड्यांची रांग; मुठीतली चुंबळ; मागे मंडप आणि पुढे टँकर. १२ सेकंद.
आवाज: “सभा दहाला सुरू व्हायची होती. टँकर आला पावणेदहाला, चार दिवसांनी. एका घराला दोन पिंपं पाणी मिळतं. नंबर चुकला, तर पुन्हा चार दिवस थांबायचं.”

चित्र: बाईट, रांगेतली बाई. १० सेकंद.

चित्र: वहीवर सही, चपला, सतरंजीचा कोपरा, नोटीस. १३ सेकंद.
आवाज: “सभामंडपात वहीवर सह्या होत होत्या. मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातला कमी आकडा म्हणजे कोरम. पाऊण तास वाट पाहिली. आकडा त्रेसष्टच्या पुढे गेला नाही.”

चित्र: बाईट, सरपंच. ११ सेकंद, मधे एक कटअवे.
आवाज: “तहकूब सभा परत घेणार हाय आम्ही, तिला कोरमची अट नसते. टँकरच्या खेपा वाढवायचा ठराव तिथंच करू.”

चित्र: रिकामा टँकर गावाबाहेर जाताना. ७ सेकंद.
आवाज: “तहकूब सभा पाच मे रोजी सकाळी दहाला आहे. टँकरची पुढची पाळीही पाच तारखेचीच.”

सगळं मिळून ६९ सेकंद. बारा-तेरा शॉट लागले, म्हणजे पंचवीसेक घेऊन यायला हवेत.

शेवटची तारीख जुळली ती छान वाटते म्हणून टाकली असं होऊ देऊ नका. पाळी ग्रामपंचायतीत विचारायची आणि टँकरच्या ड्रायव्हरलाही विचारायची, दोघांचं जुळलं तरच ते वाक्य राहील. ‘तहकूब’ आणि ‘रद्द’ यांची गल्लतही इथेच होते. तहकूब सभा पुन्हा भरते, आणि तिला गणपूर्तीची अट राहत नाही. रद्द लिहिलंत तर सरपंचांचा बाईटच खोटा ठरतो.

अँकरच्या निवेदनात ‘आज’ लिहिलं नाही, हेही बघा. हा व्हिडिओ कुणी आठवड्याने उघडला तर ‘आज’ चुकीचं ठरेल.

आवाज आणि जोडणी

व्हीओ घरी भरताना पंखा बंद, डोक्यावरून गोधडी. विनोदी दिसतं, पण खोलीचा घुमारा जातो. प्रत्येक परिच्छेद वेगळा भरा. चुकलं तर तेवढाच पुन्हा.

एडिटमध्ये आधी फक्त आवाजाची लाइन लावा. अँकर, व्हीओ, बाईट, पुन्हा व्हीओ. चित्राकडे न बघता एकदा ऐका. बातमी कळली पाहिजे. कळत नसेल तर चित्र टाकून ती सुधारणार नाही. मग वरच्या ट्रॅकवर शॉट लावत जा. व्हीओच्या खाली त्या जागेचा मूळ आवाज पूर्ण बंद करू नका, हळू चालू ठेवा. मूळ आवाज बंद केला की व्हीओ हवेत तरंगतो आणि बाईट आल्यावर अचानक कुणी दार उघडल्यासारखं वाटतं. म्हणून ते तीस सेकंद भरून घेतले होते.

सरपंचांच्या बाईटमधला कटअवे जोडाच्या अर्धा सेकंद आधी सुरू करा आणि जोडानंतर दोन-अडीच सेकंदांनी संपवा. चेहऱ्यावर परत आल्यावर बाईट निदान दोन सेकंद चेहऱ्यावरच राहू द्या.

ॲस्टन

पडद्याच्या खालच्या भागात येणाऱ्या नाव-हुद्द्याच्या पट्टीला आपल्याकडे ॲस्टन म्हणतात. ज्या यंत्रावर पूर्वी ती बनायची त्या कंपनीचं हे नाव, ते तसंच चिकटून राहिलं.

दोन ओळी पुरतात. वर नाव, ठळक. खाली हुद्दा, थोडा लहान. माणूस बोलायला लागल्यावर एका सेकंदाने पट्टी यावी, चार-पाच सेकंद राहावी आणि कटअवेच्या आधी जावी. पट्टीवर सरपंचांचं नाव आणि पडद्यावर चपला, असं होता कामा नये. म्हणूनच बाईटच्या पहिल्या सहा सेकंदांत कटअवे नको. आपल्या अकरा सेकंदांच्या बाईटमध्ये तो सातव्या सेकंदाला बसतो, म्हणजे जोडही त्याच सुमाराला येईल अशी वाक्यं निवडावी लागतात.

पट्टी कडेपासून निदान पाच टक्के आत ठेवा. १९२० × १०८० च्या चौकटीत ते डावी-उजवीकडून ९६ आणि वर-खालून ५४ पिक्सेल होतात. देवनागरीला उंची जास्त लागते, हे तयार टेम्प्लेट बनवणाऱ्यांच्या गावीही नसतं. वर रफार आणि वेलांटी, खाली उकार. पट्टी इंग्रजी अक्षरांच्या मापाची असेल तर ‘पूर्वी’मधला रफार वरून कापला जातो आणि ऊकार खालच्या ओळीला टेकतो. ओळींमधलं अंतर वाढवा. मी ‘मुक्ता’ हा मोफत फॉन्ट वापरतो, लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो. प्रीमियर प्रोमध्ये वेलांटी भलत्या अक्षराला लागत असेल किंवा जोडाक्षरं तुटत असतील, तर टेक्स्ट इंजिन South Asian and Middle Eastern करा.

आता हुद्दा. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. ज्यांना गाव अजून ग्रामसेवक किंवा नुसतं भाऊसाहेब म्हणतं, त्यांचं पद आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ आहे, पट्टीवर तेच. ‘सरपंच’ आणि ‘माजी सरपंच’ यातला फरक ‘माजी’ एवढाच दिसतो, पण गावात तो फार मोठा असतो. सरपंचांचे पती बोलले आणि त्यांचा बाईट घ्यावाच लागला, तर खाली ‘सरपंचांचे पती’ लिहा. ‘सरपंच प्रतिनिधी’ असं कुठलंही पद कायद्यात नाही, लोक ते लिहायचा आग्रह धरतात.

टँकरपाशच्या बाईला नाव द्यायचं नसेल तर पट्टीवर फक्त ‘ग्रामस्थ’, एका ओळीत. ‘संतप्त महिला’ लिहू नका. ती संतप्त आहे की नाही ते बाईटमधून कळेल, आणि आपल्या उदाहरणातली तर हसून बोलली होती.

मी एकदा उपसरपंचांच्या बाईटखाली ‘सरपंच’ टाकलं होतं, मागच्या बातमीची पट्टी कॉपी करून. रात्री साडेनऊला फोन आला, सरपंचांचा. आवाज शांत होता. “आमचा राजीनामा कधी झाला म्हणे?” तेव्हापासून मी पट्टी कॉपी करत नाही, प्रत्येक वेळी वहीतलं पान समोर ठेवून नव्याने टाइप करतो, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वही आणि पडदा ताडून बघायला लावतो. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही.

एक्स्पोर्ट केल्यावर व्हिडिओ फोनवर, आवाज बंद करून एकदा बघा: पट्ट्या वाचता येतात का आणि योग्य चेहऱ्यावर आहेत का. मग चढवा. यूट्यूबवर चढवलेला व्हिडिओ त्याच लिंकवर बदलता येत नाही. पट्टीत चूक निघाली तर तो काढून नवा टाकावा लागतो, आणि तोवर जुनी लिंक गावाच्या तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलेली असते.